२८६ पानांचा प्रबंध अन् सीएसआरवाल्यांचं एक पान

पत्र:

दादा नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मालगुजारी तलावांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या वेळच्या गावतलावांच्या, पाण्याचं गावपातळीवरचं व्यवस्थापन या विषयावर माझी पीएचडी झाली, प्रबंध २८६ पानांचा आहे. आता आमच्या गावाकडची एक संस्था माझ्या अभ्यासावरून सहा तलावांवर काम करायचं म्हणते आणि एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी, म्हणजे सामाजिक कामांना कंपनीचा पैसा देणाऱ्या लोकांनी, सांगितलं की आधी एक पानाची समरी पाठवा, मग बोलू. दहा दिवस दिलेत, त्यातले चार गेले. माझा सारांश ११ पानांचा होता, कापून कापून ४ वर आणला, आता एक ओळ पण निघत नाही. गाइड म्हणतात अॅबस्ट्रॅक्ट पाठवून दे, तो एका पानाचाच आहे. पाठवू का? तुम्हाला पाहायला अॅबस्ट्रॅक्टसकट सगळा प्रबंध अन् चार पानांचा सारांश सोबत जोडते. समरी मराठीतच मागितली आहे.

उत्तर:

ताई, अॅबस्ट्रॅक्ट पाठवू नका. तुमचे गाइड त्यांच्या जागी बरोबर आहेत, कारण अॅबस्ट्रॅक्ट असतो तो दुसऱ्या अभ्यासकासाठी, त्याला ठरवायचं असते की हा प्रबंध उघडून वाचावा का नाही. सीएसआरच्या माणसाला ते ठरवायचंच नाही, तो तुमचा प्रबंध जन्मात उघडणार नाही. त्याला ठरवायचं आहे की पैसे द्यायचे का, कशाला, किती आणि कोणाच्या खात्यात. दोघांचा कागद एकच पानाचा असला तरी कामं वेगळी आहेत.

मी सहा वर्षं एका ट्रस्टमध्ये आलेले अर्ज चाळायचं काम केलं (नाव नको), म्हणून आतून कसं चालते ते सांगतो. टेबलावर तीस-चाळीस कागद, आम्ही तिघं, अन् जेवणाच्या आधी त्यातले आठ निवडून वर पाठवायचे. आम्ही पान वरून खाली कधीच वाचलं नाही. पहिला परिच्छेद वाचायचो, मग नजर थेट खाली रुपये शोधायची, मग संस्था कोणती ते, आणि हे तिन्ही पटलं तरच मधलं वाचायचं. एकदा मातीच्या अभ्यासावरचा एक फार चांगला कागद माझ्याच हातून मागं पडला, कारण पहिले अर्धं पान विषयाची पार्श्वभूमी होती अन् खरा मुद्दा शेवटून दुसऱ्या ओळीत. दुपारी चहा पिता पिता तो परत हाती लागला म्हणून कळलं, तोवर यादी वर गेली होती. चूक माझीच, पण वाचणारा असाच असतो हे धरूनच लिहावं लागते.

तर कापणं बंद करा. ११ ची ४ झाली अन् तिथंच अडली, कारण तुम्ही प्रत्येक प्रकरणातून थोडं थोडं कापताय, म्हणजे प्रकरणांचा क्रम तसाच उभा आहे, फक्त वाळलाय. चार पानांत अजून पण प्रस्तावना आहे, संशोधन पद्धती आहे, इतिहास आहे, सगळ्यांना आपली आपली जागा पाहिजे. एक पान हे कापून होत नाही, ते कोऱ्या कागदावर नव्यानं लिहावं लागते. प्रबंधाची फाइल बंद करा, कोरा कागद घ्या अन् पेनानं चारच गोष्टींची उत्तरं लिहा, प्रबंध न पाहता: काय बिघडलंय, तुम्हाला काय सापडलं, म्हणून काय करायचं, अन् त्याला किती लागते. जे न पाहता आठवलं तेच पानावर जाणार. आकडे नंतर उघडून तपासायचे.

आता खरी अडचण, कोणता निष्कर्ष घ्यायचा. तुमच्या शेवटच्या प्रकरणात मी मोजले, सात निष्कर्ष आहेत. गाळ काढल्यावर साठा वाढला हा एक, समितीत बायकांचा सहभाग कमी हा एक, बेशरमीच्या झुडपानं काठ व्यापला तो एक, ढिवर समाजाच्या मासेमारी सोसायट्यांचं उत्पन्न, पाणीपट्टीची वसुली, असं करत करत सात. सगळे तुमच्या घामाचे आहेत, पण एका पानात सात निष्कर्ष म्हणजे एकही नाही. निवडायची कसोटी साधी आहे, कोणता निष्कर्ष असा आहे की त्यावर पैसा लावला तर काही बदलेल आणि तो बदल दोन वर्षांत डोळ्यांनी दिसेल? तुमच्या सातांत असा एकच आहे अन् तो तुम्ही पाचव्या नंबरवर टाकलाय बाप्पा! ज्या तलावांत नुसता गाळ काढला तिथं टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतकऱ्याला धान निसवताना पाणी पोचलं नाही, आणि जिथं गाळासोबत तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, अन् पाट पण दुरुस्त केला, पाणी सोडायला गावानं एक माणूस ठरवला, तिथं पोचलं. हाच तुमचा कागद. बाकीचे सहा प्रबंधात आहेत, तिथं सुखात राहू द्या. मासेमारीचं तेवढं एका ओळीत परत येईल, काऊन ते पुढं सांगतो.

एक नाजूक गोष्ट. २०१७ पासून आपल्याकडं गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेमुळं गाळ काढायचं काम सगळ्यांच्या ओळखीचं झालं, अन् सीएसआरवाल्यांना पण ते आवडते, जेसीबी दिसतो, ट्रॅक्टर दिसतात, फोटो चांगला येतो. तुम्ही ज्यांना लिहिताय त्यांनी पण आधी कुठं ना कुठं गाळ काढायला पैसे दिलेले असू शकतात. म्हणून 'गाळ काढून उपयोग नाही' असं लिहू नका, एक तर ते तुमच्या अभ्यासात तसं निघालेलंच नाही, साठा वाढलाच आहे. 'गाळ काढल्यानं पाणी साठलं, ते शेवटच्या शेतापर्यंत न्यायचं काम राह्यलंय' असं लिहा. गोष्ट तीच आहे, पण आता त्यांचा आधीचा पैसा वाया गेला असं होत नाही, उलट त्याचं उरलेलं काम तुम्ही दाखवताय.

आता आकडे. तुमच्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये वाक्य आहे, 'दोन्ही गटांतील पुच्छभागातील लाभधारकांच्या सिंचन उपलब्धतेत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळून आला (p < 0.001)'. हे वाक्य परीक्षकासाठी ठीक आहे, पण बाहेरचा माणूस 'लक्षणीय' वाचतो अन् त्याला वाटते की फार मोठा फरक. संख्याशास्त्रातला लक्षणीय म्हणजे खरा फरक नसता तर नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी, एवढंच. फरक मोठा का लहान हे तो शब्द सांगतच नाही. भरपूर लोक मोजले तर चिमूटभर फरक पण लक्षणीय निघते. म्हणून तो शब्द काढा, पी व्हॅल्यू काढा, अन् माणसं मोजून सांगा. तुमचं काम अजून छापून यायचंय म्हणून मी इथं आकडे बदलून मनाचे टाकतो, तुम्ही तुमचे खरे घाला. समजा, नुसता गाळ काढलेल्या तलावांखाली टेलच्या ४० कुटुंबांपैकी ११ जणांना शेवटचं पाणी मिळालं, अन् तुडूम-पाट दुरुस्त झालेल्या तलावांखाली ४० पैकी २७ जणांना. बस. हे कोणालाही कळते, आमदाराला पण अन् माझ्या आत्याला पण.

इथं दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे 'अडीच पट वाढ' असं लिहायचा मोह. ११ चे २७ म्हणजे अडीच पटीच्या जवळ जाते खरं, पण नुसतं पटीत सांगितलं की मूळ आकडा लपते. २ चे ५ झाले तरी अडीच पटच. अर्ज चाळणाऱ्याला हे माहीत असते, पट अन् टक्के दिसले की तो आधी विचारतो कशाचे टक्के, अन् उत्तर पानावर नसलं की त्याच्या मनात शंका बसली. दुसरा खड्डा जरा खोल आहे. तुम्ही सगळीकडं '२४० कुटुंबांचा अभ्यास' असं लिहिलंय, ऐकायला भारदस्त वाटते. पण एका तलावाखालच्या ३० कुटुंबांचं नशीब एकच तुडूम ठरवते ना? म्हणजे ती ३० वेगवेगळी उदाहरणं नाहीत. तुमच्या दाव्याच्या हिशोबानं खरी तुलना आठ तलावांची आहे, चार इकडं अन् चार तिकडं. पानावर '८ तलाव, २४० कुटुंबं' असं दोन्ही लिहा अन् तलाव पुढं ठेवा. त्यांच्याकडं एखादा जाणता माणूस बसलेला असला तर हीच ओळ पाहून तो तुमच्यावर भरोसा ठेवेल, अन् नसला तर काही बिघडत नाही.

इतिहासाची दोन प्रकरणं आहेत तुमची, कोहळी समाजानं तलाव कसे बांधले, मालगुजार पाणी कसं वाटायचा, सगळं वाचलं, मजा आली, पण पानावर त्याला एकच वाक्य. अन् ते एक वाक्य मात्र सोडू नका, कारण बिघाडाचं कारण त्यातच आहे. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, तलाव सरकारकडं गेले, अन् त्यासोबत पाण्याकडं रोज बघणारा माणूस गेला. हे नाही सांगितलं तर वाचणारा म्हणेल की मग गावकरी स्वतःच काऊन नाही दुरुस्त करत.

आता मी लिहून दाखवतो. हे तुमच्यासाठी साचा म्हणून धरा, शब्द तुमचे घाला, आकडे तर घालाच.

> साठलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत: ६ मालगुजारी तलावांची तुडूम व पाट दुरुस्ती
>
> भंडारा जिल्ह्यातील ६ मालगुजारी तलावांची तुडुमं (पाणी सोडण्याची दारं) आणि पाट दुरुस्त करून, पाणी सोडण्याची गावाची व्यवस्था बसवण्यासाठी २ वर्षांसाठी १८ लाख रुपयांची मागणी आहे. याचा फायदा सुमारे ३६० धान उत्पादक कुटुंबांना होईल, म्हणजे कुटुंबामागे ५,००० रुपये खर्च.
>
> अडचण. धान निसवण्याच्या वेळेस पाऊस थांबला तर तलावाचं एक पाणी पीक वाचवतं. तलावात पाणी असूनही ते पाटाच्या शेवटच्या शेतांना मिळत नाही, कारण तुडूम गळतं, पाट बुजलेले आहेत आणि पाणी कोणी, कधी, किती सोडायचं हे ठरलेलं नाही. १९५१ पर्यंत हे काम मालगुजार बघत असे. तलाव सरकारकडे गेल्यावर ती जागा रिकामी राहिली.
>
> काय आढळलं. ८ तलावांखालच्या २४० कुटुंबांचा दोन खरीप हंगाम अभ्यास केला. आठही तलावांतला गाळ काढलेला होता. त्यातल्या ४ तलावांवर तुडूम व पाटही दुरुस्त होते आणि पाणी सोडायला गावानं माणूस नेमला होता. तिथे शेवटच्या टोकाच्या ४० पैकी २७ कुटुंबांना निसवताना पाणी मिळालं. नुसता गाळ काढलेल्या ४ तलावांखाली ४० पैकी ११ कुटुंबांना मिळालं.
>
> काय करणार. तुडूम व पाट दुरुस्ती: १२ लाख. पाणी सोडणाऱ्या माणसाचं दोन वर्षांचं मानधन आणि गावबैठका: ४ लाख. कोणाला पाणी मिळालं याची प्रत्येक हंगामातली नोंद: २ लाख. दोन वर्षांनंतर मानधन पाणीवापर समिती देईल, तसा ठराव सहाही गावांनी केला आहे.
>
> मर्यादा. अभ्यास ८ तलावांचा आणि दोनच हंगामांचा आहे, त्यात कडक दुष्काळाचं वर्ष नव्हतं. ज्या गावांनी माणूस नेमला ती गावं आधीपासूनच जास्त एकजुटीची असू शकतात. म्हणून या कामात कमी एकजुटीची दोन गावं मुद्दाम घेतली आहेत. मासेमारी सोसायट्यांशी बोलून किती पाणी तलावात ठेवायचं ते ठरवलं आहे.
>
> कोण करणार. संस्थेचं नाव, सीएसआर नोंदणी क्रमांक, तलाव जिल्हा परिषदेचे असल्यानं परवानगीच्या पत्राचा क्रमांक व तारीख, संपर्काचा एक माणूस आणि एक मोबाइल नंबर.

मोजून पाहा, अडीचशे शब्दांच्या आसपास आहे. मराठी पानात याच्या फार वर जाऊ नका. देवनागरीला वर मात्रा अन् खाली उकार असतात, ओळीत जागा जास्त लागते, १२ चा फॉन्ट अन् बरा समास ठेवला तर साडेतीनशे-चारशे शब्दांत पान भरून जाते. लोक मग काय करतात, फॉन्ट ९ करतात अन् समास खाऊन टाकतात. असा कागद हातात घेतला की कळतेच की याला निवडता आलं नाही.

साच्यातल्या काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत त्या सांगतो. पैशाची मागणी पहिल्याच वाक्यात आहे. आपल्याला हे उर्मट वाटते, घरी आलेल्या पाहुण्यानं चहाच्या आधी पैसे मागितल्यासारखं, पण वाचणाऱ्याला हेच पाहिजे असते अन् ते नाही दिसलं की तो शोधत बसतो. कुटुंबामागे किती पडते ते पण तुम्हीच भागून द्या, नाही तर तो कॅल्क्युलेटर काढून भागेल अन् लाभधारकांचा आकडा चुकीचा धरला तर तुमचंच नुकसान. शीर्षकात प्रबंधाचं नाव नाही, ते दोन ओळींचं नाव तिथं नकोच, पाहिजे तर अगदी खाली बारीक अक्षरात द्या. अन् 'तुडूम' हा शब्द ठेवलाय, कंसात अर्थ देऊन. तसं पाहिलं तर तुमच्या प्रबंधात सलंग, बोडी, निस्तार हक्क असे पुष्कळ गावचे शब्द आहेत, ते सगळे काढले, एकच ठेवला. एक अनोळखी शब्द कागदाला चेहरा देतो, बैठकीत लोक 'ते तुडूमवालं प्रपोजल' म्हणून आठवण ठेवतात. पाच ठेवले तर वाचणारा तिथंच थांबते.

पद्धतीबद्दल साच्यात दोनच वाक्यं आहेत, तुम्हाला टोचेल. मुलाखत अनुसूची, नमुना निवड, काय-स्क्वेअर चाचणी, सगळं गेलं. पण तुलना कशाची कशाशी केली ते राहिलंय, अन् बाहेरच्या वाचकाला पद्धतीतलं तेवढंच लागते. गाळ आठही ठिकाणी काढला होता हे वाक्य चुकून पण कापू नका, ते गेलं तर फरक गाळामुळं पडला का तुडुमामुळं हे कळणारच नाही अन् सगळा दावा मोडतो.

मर्यादा काढून टाका असं तुम्हाला कोणी तरी सांगेलच, की पैसे मागायला जातोय अन् स्वतःच खोट काय दाखवायची. मी म्हणतो ठेवा. एकजुटीची गावंच आधी माणूस नेमतात, मग पाणी पोचलं ते माणसामुळं का एकजुटीमुळं, हा प्रश्न तुमच्या अभ्यासाला कोणी पण विचारणार, तुमच्या व्हायव्हात पण आला असेल. तो त्यांनी बैठकीत विचारला अन् तुम्ही तिथं नाही तर उत्तर कोण देणार? पानावर असला तर उत्तर पण पानावर आहे. फक्त मर्यादा लिहिली की लगेच पुढं तिचं काय करताय ते लिहायचं, जसं कमी एकजुटीची दोन गावं घेतली. प्रबंधातल्या मर्यादांची यादी पावणेदोन पानं आहे, त्यातल्या 'वेळेच्या अभावी' वगैरे सोडून द्या. ज्यानं निर्णय बदलू शकतो तेवढ्याच घ्या.

मासेमारीची ओळ यासाठी की आपल्या भागातला कोणी माणूस त्या कंपनीत असला, अन् असतोच, तर त्याचा पहिला प्रश्न तोच येणार, शेताला पाणी सोडलं तर ढिवरांच्या माशांचं काय. तुमच्या सहाव्या प्रकरणात सोसायट्यांसोबतच्या बैठकांचं आहे म्हणून मी ती ओळ टाकली. सहा नव्या गावांत तसं बोलणं झालं नसलं तर 'ठरवलं आहे' लिहू नका, 'काम सुरू करायच्या आधी ठरवू' लिहा. ठरावाचं पण तसंच, हातात कागद असला तरच.

आता सगळ्यात खालची ओळ, जी लोक घाईघाईत लिहितात. सीएसआरचा पैसा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येते, तो तुमच्या नावावर, म्हणजे एका संशोधकाच्या खात्यावर, मिळत नाही. कंपनी स्वतः काम करते नाही तर नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करवून घेते, अन् १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेनं कंपनी मंत्रालयाकडं CSR-1 फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे. तुमच्या गावच्या संस्थेकडं तो नंबर आहे का हे आजच फोन करून विचारा. नसला तर बाकी पान कितीही चांगलं झालं तरी तिथं अडते, अन् सहा दिवसांत तो नंबर येईलच असं धरून चालू नका. तेव्हा मग सरळ लिहा की अर्ज केला आहे, तारीख अमुक, किंवा ज्या संस्थेकडं नंबर आहे तिला सोबत घ्या. तसंच तलावाचं. तलाव गावचा असला तरी कागदावर गावचा नाही, तुमचे लहान तलाव जिल्हा परिषदेकडं आहेत असं तुम्हीच प्रबंधात लिहिलंय, तर लघु पाटबंधारेच्या परवानगीशिवाय तुडुमाला हात लावता येणार नाही. परवानगी आली नसली तर अर्जाची पोचपावती तरी पाहिजे.

फॉन्टचं एक. तुमची जोडलेली फाइल कृती देवमध्ये होती, माझ्याकडं उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरांचं भरीत दिसलं, शेवटी पोराच्या कंप्युटरवर वाचली. कंपनीच्या ऑफिसात कोणी एवढी मेहनत घेणार नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, मंगल नाही तर निर्मला, अन् पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाइल पाठवली की त्यांच्याकडं ओळी सरकतात अन् एका पानाचं सव्वा पान होते, 'कोण करणार' बरोबर दुसऱ्या पानावर जाते. पाठवायच्या आधी ती पीडीएफ स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा, कारण तिथंच वाचली जाणार आहे, गाडीत बसून.

लिहून झालं की एका माणसाला वाचायला द्या, पण गाइडला नको अन् सोबतच्या प्राध्यापकाला पण नको. ग्रामसेवक, कृषी केंद्रवाला, बँकेतला क्लार्क, असा कोणी तरी, ज्याला वाचता-लिहिता चांगलं येते पण तुमचा विषय माहीत नाही. तीन मिनिटं द्या, कागद परत घ्या, अन् विचारा की सांगा बरं मी काय म्हणते. मी एकदा आमच्याकडच्या एका पोराचा कागद असाच सोसायटीच्या सचिवाला वाचायला लावला. त्यानं दोनदा वाचला, चष्मा काढला अन् म्हणला, "हे समदं बराबर आहे, पण तुमाले पायजे का?" त्या कागदात मागणीच नव्हती, पोरगं लाजलं होतं. तुमच्या माणसानं न अडखळता 'टेलच्या लोकांना पाणी मिळत नाही, दार दुरुस्त करायचं, अठरा लाख लागतात' एवढं सांगितलं तर कागद झाला. तो जर म्हणला की मालगुजारी तलावांवर चांगला अभ्यास केलाय, तर नाही झाला, पहिला परिच्छेद परत लिहा. तो कुठं थांबला, कुठं मागच्या ओळीवर परत गेला ते पण पाहत राहा, तिथलं वाक्य लांब आहे किंवा त्यात तुमच्या विषयाचा शब्द राह्यला आहे.

गाइडना दाखवायचंच असलं तर आकडे तपासायला दाखवा, प्रबंधातल्या कोणत्या तक्त्यातून कोणता आकडा घेतला ते बाजूला पेन्सिलनं लिहून, म्हणजे त्यांचं लक्ष तिथं राहील अन् ते पद्धतीचा परिच्छेद परत घालायला सांगणार नाहीत. तीच पेन्सिलवाली प्रत स्वतःजवळ ठेवा, सीएसआरवाल्यांचा फोन आला अन् २७ कुठून आले असं विचारलं तर पान नंबर सांगता आला पाहिजे.

सहा दिवस राह्यले आहेत म्हणता, तर आज नंबर अन् परवानगीचे फोन, उद्या कोरा कागद, परवा तो वाचून पाहणारा माणूस. अन् ती युनिकोडमधली प्रत मला पण पाठवा, पाहतो.